फेरिटिन ३८ आलं, मग निबंधात काय लिहायचं?

क्लिनिकल अप्रेझलच्या निबंधांत एक वाक्य हमखास भेटतं: "या चाचणीची संवेदनशीलता ८२ टक्के आणि विशिष्टता ९० टक्के असल्याने ती उपयुक्त आहे." वाक्य चुकीचं नाही, पण त्यातून समोरच्या रुग्णाबद्दल काहीच कळत नाही. तपासणाऱ्याचा प्रश्न साधा असतो. रिपोर्ट येण्याआधी आजाराची शक्यता किती वाटत होती, रिपोर्टनंतर ती किती झाली आणि त्यामुळे पुढचं पाऊल बदललं का? हे उत्तर लाइकलीहूड रेशोने देता येतं. एकच उदाहरण शेवटपर्यंत नेऊन ते कसं करायचं ते पाहू.

समजा, ७२ वर्षांच्या एक आजी आहेत. हिमोग्लोबिन ९.६, थकवा, आणि गुडघेदुखीसाठी बरेच महिने रोज वेदनाशामक गोळी. प्रश्न असा की हा ॲनिमिया लोहाच्या कमतरतेचा आहे का. शरीरातल्या लोहाच्या साठ्याचा अंदाज देणारं सीरम फेरिटिन येतं ३८ मायक्रोग्रॅम प्रति लिटर. अनेक लॅबच्या रिपोर्टवर स्त्रियांसाठी खालची मर्यादा १० ते १५ च्या आसपास छापलेली असते, त्यामुळे ३८ समोर ना बाण ना ठळक अक्षर. रिपोर्ट म्हणतो नॉर्मल. निबंधाची खरी सुरुवात इथून होते.

आधी शक्यता लिहा, मग रिपोर्ट उघडा

चाचणीपूर्व शक्यता म्हणजे रिपोर्ट हाती येण्याआधी, फक्त वय, तक्रारी आणि तपासणी यांवरून बांधलेला अंदाज. तो टक्क्यांत लिहायचा. 'बरीच शक्यता' असं लिहून चालत नाही, कारण त्याचा गुणाकार करता येत नाही.

आकडा आणायचा कुठून? आपल्या रुग्णासारखेच रुग्ण असलेल्या अभ्यासातून. कॅनडातल्या गॉर्डन गायट आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये ६५ आणि त्यापुढच्या वयाच्या ॲनिमियाच्या रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. प्रत्येकाच्या अस्थिमज्जेत लोह आहे का हे तपासलं होतं, आणि तोच निर्णायक पुरावा मानला होता. त्यात ३६ टक्के रुग्णांत लोहाची कमतरता निघाली. आजी याच वयोगटातल्या आणि ॲनिमिया असलेल्या, म्हणून ३६ टक्के ही सुरुवात योग्य. रोजच्या वेदनाशामकाने जठरातून हळूहळू रक्त जाऊ शकतं, तेव्हा अंदाज ५० पर्यंत वर नेला तरी समर्थन देता येतं. मात्र तो का वाढवला हे एका वाक्यात सांगा.

इथे आपल्याकडच्या विद्यार्थ्यांची एक नेहमीची चूक होते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना ॲनिमिया आढळला. हा आकडा डोक्यात पक्का बसलेला असतो, म्हणून तोच चाचणीपूर्व शक्यता म्हणून येतो. पण तो दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर आहे. तिथे किती जणींचं हिमोग्लोबिन कमी आहे हे मोजलंय. आपल्याला हवंय ते हिमोग्लोबिन आधीच कमी असलेल्या म्हाताऱ्या माणसात कारण लोहाचं असण्याची शक्यता. वय वेगळं, प्रश्नही वेगळा.

रेशो स्वतः काढा

लाइकलीहूड रेशो म्हणजे एक साधी तुलना: असा निकाल आजार असलेल्यांत जितका आढळतो, तो आजार नसलेल्यांपेक्षा किती पट? १ च्या वर असेल तर शक्यता वाढते, १ च्या खाली असेल तर घटते, आणि १ असेल तर चाचणी केली काय नि न केली काय, सारखंच.

त्या अभ्यासात अस्थिमज्जेवरून लोहाची कमतरता असलेले ८५ आणि नसलेले १५० रुग्ण होते. फेरिटिनप्रमाणे ते असे विभागले गेले:

| फेरिटिन | कमतरता असलेले (८५) | कमतरता नसलेले (१५०) | रेशो |
|---|---|---|---|
| १८ किंवा कमी | ४७ | २ | ४१.४७ |
| १८ च्या वर ते ४५ | २३ | १३ | ३.१२ |
| ४५ च्या वर ते १०० | ७ | २७ | ०.४६ |
| १०० च्या वर | ८ | १०८ | ०.१३ |

आजींचे ३८ दुसऱ्या ओळीत बसतात. ८५ पैकी २३ म्हणजे २७.१ टक्के, १५० पैकी १३ म्हणजे ८.७ टक्के, आणि भागाकार ३.१२. निबंधात हा भागाकार दाखवाच. रेशो नुसता उतरवून घेतला असेल तर वाचणाऱ्याला ते लगेच कळतं.

आता त्या 'संवेदनशीलता ८२, विशिष्टता ९०' कडे परत जाऊ. तेही याच तक्त्यातून निघतं. ४५ वर एकच रेघ मारली, तर कमतरता असलेल्या ८५ पैकी ७० रेघेच्या खाली येतात, ही संवेदनशीलता, आणि नसलेल्या १५० पैकी १३५ वर येतात, ही विशिष्टता. अशा 'पॉझिटिव्ह' निकालाचा रेशो होतो ८.२. म्हणजे फेरिटिन ८ असो की ४४, दोघांना तोच ८.२. पण तक्ता सांगतो की ८ ला ४१ पट वजन आहे आणि ४४ ला फक्त ३ पट. एकच रेघ मारली की एका रुग्णाबद्दल आपण गरजेपेक्षा कमी खात्रीने बोलतो आणि दुसऱ्याबद्दल जास्त. माझ्या मते अप्रेझल निबंधात गुण मिळवून देणारी ही एक जागा आहे. अभ्यासात टप्प्याटप्प्याचे आकडे दिलेले असतील तर संवेदनशीलता आणि विशिष्टता बाजूला ठेवून टप्प्यांचे रेशो वापरा.

टक्क्यांना थेट गुणू नका

सगळ्यात जास्त गुण जातात ते इथे. ३६ टक्के गुणिले ३.१२ केलं तर ११२ टक्के येतात. निदान हे उत्तर अशक्य असल्याने चूक तरी दिसते. चाचणीपूर्व शक्यता २० टक्के असेल तर उत्तर येतं ६२, आणि ते इतकं शहाण्यासारखं दिसतं की कोणी थांबत नाही. खरं उत्तर ४४ आहे.

रेशो ऑड्सना गुणायचा असतो. ऑड्स म्हणजे आजार असण्याची शक्यता भागिले नसण्याची शक्यता. म्हणून तीन पायऱ्या:

```
०.३६ ÷ ०.६४ = ०.५६
०.५६ × ३.१२ = १.७५
१.७५ ÷ (१ + १.७५) = ०.६४
```

चाचणीनंतरची शक्यता ६४ टक्के. म्हणजे रिपोर्टने 'नॉर्मल' म्हटलेल्या आकड्याने शक्यता ३६ वरून ६४ वर नेली. हे वाक्य निबंधात स्वतंत्र परिच्छेदाच्या तोडीचं आहे, कारण छापील नॉर्मल मर्यादेला प्रश्न विचारण्याचा आधार त्यात आहे. पट्टी ठेवून रेषा ओढायची फेगनची आलेखपट्टी वापरलीत तरी हेच उत्तर येतं, पण गणित लिहून दाखवणं बरं.

एकच आकडा देऊन थांबू नका

चाचणीपूर्व शक्यता आपला अंदाज आहे, तेव्हा तो थोडा हलवून पाहा. २० टक्क्यांपासून सुरुवात केली तर शेवट ४४ वर, ५० पासून केली तर ७६ वर. पल्ला मोठा आहे हे लपवू नका. पुढचा प्रश्न विचारा: या पल्ल्यात निर्णय बदलतो का? ७२ व्या वर्षी लोहाची कमतरता म्हणजे पचनमार्गात कुठे रक्तस्राव होतोय का, क्वचित कर्करोग आहे का, हे शोधणं भाग असतं. मला तरी ४४ टक्केसुद्धा त्या शोधासाठी पुरेसे वाटतात. म्हणजे अंदाज डळमळला तरी निर्णय हलत नाही. फेरिटिन १३० आलं असतं, तर ३६ टक्क्यांवरून शक्यता ७ वर घसरली असती आणि ५० वरून १२ वर. तेव्हा आधी दुसरी कारणं शोधायला हवीत.

रेशोवर किती विसंबायचं

पहिल्या ओळीतला ४१.४७ हा रेशो फार भारदस्त दिसतो. पण तो ज्यावर उभा आहे ते कमतरता नसलेल्यांपैकी फक्त २ रुग्ण आहेत. दोनऐवजी चार असते तर रेशो अर्धा, म्हणजे २०.७ झाला असता. 'रेशो अस्थिर आहे' एवढं लिहून सोडू नका, त्याचा परिणाम मोजा. ३६ टक्क्यांवरून ४१.४७ ने ९६ टक्के येतात आणि २०.७ ने ९२. रेशो अर्धा होऊनही निष्कर्ष तसाच राहतो.

दुसरी मर्यादा जास्त गंभीर आहे. शरीरात कुठे जळजळ किंवा संसर्ग असेल तर फेरिटिन लोहाशी संबंध नसतानाही वाढतं. यकृताच्या आजारातही तसंच. आजींचं गुडघ्याचं दुखणं साधं वयाचं आहे की सक्रिय संधिवात आहे, यावर बरंच अवलंबून आहे. संधिवात असेल तर खरं लोह कमी असूनही आकडा फुगलेला असू शकतो, आणि मग ८० आलेल्या फेरिटिनला ०.४६ लावून शक्यता घटवणं धोक्याचं. जळजळ दाखवणारं रक्तातलं सीआरपी पाहिलं का, हे निबंधात नोंदवा.

एक मोह मात्र आवरा. लाल पेशींचा आकार लहान निघाला की त्याचा वेगळा रेशो शोधून फेरिटिनच्या रेशोला गुणू नका. दोन्ही गोष्टी एकाच लोहटंचाईच्या सावल्या आहेत, तेव्हा गुणाकारात तोच पुरावा दोनदा मोजला जातो. त्याच अभ्यासात फेरिटिन कळल्यावर बाकी रक्तचाचण्यांनी महत्त्वाची अशी भर घातली नव्हती.

निबंधातला शेवटचा परिच्छेद साधारण असा उतरेल: "या रुग्णाची चाचणीपूर्व शक्यता मी ३६ टक्के धरली आहे, कारण अभ्यासातले रुग्ण याच वयोगटातले आणि ॲनिमिया असलेले होते, रोजच्या वेदनाशामकामुळे ती ५० पर्यंत असू शकते. फेरिटिन ३८ चा रेशो ३.१२ असल्याने चाचणीनंतरची शक्यता ६४ ते ७६ टक्के होते. सीआरपी वाढलेलं नसल्यास फेरिटिन जळजळीमुळे फुगलं असण्याची शक्यता कमी. रिपोर्टवरची 'नॉर्मल' नोंद या वयात आश्वासक मानता येत नाही, म्हणून पचनमार्गाची तपासणी सुचवत आहे."