कुरळ्या, राठ दाढीला खाज सुटली तर आधी काय बघायचं: तेल, बाम की शेव्हिंग क्रीम?

माझा भाचा इंदूरला रामबागेत राहतो. उन्हाळ्याच्या तोंडावर त्याने दाढी वाढवायला घेतली आणि तिसऱ्या आठवड्यात हनुवटी खाजवून लाल केली. कोरडेपणा असेल म्हणून बदामाचं तेल सकाळ-संध्याकाळ चोळत होता, तरी खाज वाढतच गेली. मी त्याला खिडकीपाशी उजेडात बसवलं आणि केस फाकवून खालची कातडी बघितली. तुम्हीही सुरुवात इथूनच करा, कारण खाजेचं कारण वेगळं असलं की उपायही वेगळा असतो.

कातडी ताणल्यासारखी वाटत असेल, पांढरा बारीक भुसा पडत असेल आणि तोंड धुतल्यावर खाज जास्त सुटत असेल, तर तो साधा कोरडेपणा. सरळ केसावरून कातडीचं तेल टोकापर्यंत ओघळतं. कुरळ्या केसाच्या वळणांवर ते अडतं, म्हणून असे केस लवकर राठ होतात. त्यात बोअरिंगच्या जड पाण्याने आणि साबणाने रोज तोंड धुतलं तर कातडी आणखी सुकते. इथे तेलाचाच उपयोग. दाढी साध्या पाण्याने किंवा सौम्य फेसवॉशने धुवा, टॉवेलने टिपा आणि ओलसर असतानाच तेल लावा. बोटभर दाढीला चार-पाच थेंब पुरतात. तळहातावर चोळून आधी बोटांच्या टोकांनी कातडीला लावा, उरलेलं केसांना. नेमकं उलटं केलं जातं, म्हणून केस चमकतात आणि खाज तशीच राहते. जोजोबाचं तेल हलकं असतं. नारळाच्या तेलाने पुटकुळ्या येत असतील तर ते चेहऱ्याला लावू नका.

बाम म्हणजे मधमाशीचं मेण, शिया बटर आणि थोडं तेल. मेणामुळे केस जागच्या जागी बसतो आणि त्यातला ओलावा लवकर उडत नाही. पण ते केसांवरच थर धरून राहतं, म्हणून खाजेवर बामचा भरवसा धरू नये. हरभऱ्याच्या दाण्याएवढा बाम तळहातांवर पूर्ण वितळवा, तेल मुरल्यावर वरवर फिरवा आणि रुंद दातांच्या कंगव्याने विंचरा. दाढी बोटभर वाढण्याआधी बामची गरजच नाही.

भाच्याची गोष्ट मात्र वेगळी निघाली. त्याच्या दाढीतले पापुद्रे पिवळसर, तेलकट होते, आणि तसेच नाकाच्या कडेला आणि भुवयांतही होते. हा दाढीतला कोंडा. कातडीवर राहणारी एक यीस्ट तेलातल्या स्निग्धाम्लांवर पोसते, म्हणजे बदामाच्या तेलाने तो तिला खाऊच घालत होता. तेल आणि बाम दोन्ही बंद केले. डॉक्टरांना विचारून दोन टक्के केटोकोनाझोलचा शाम्पू आठवड्यातून दोनदा, कातडीपर्यंत चोळून पाच मिनिटं ठेवून धुवायला सांगितला. तिसऱ्या आठवड्यात पापुद्रे गेले. असा कोंडा परत उद्भवतो, म्हणून अधूनमधून तो शाम्पू चालू ठेवावा लागतो.

तिसरी खाज दाढी करणाऱ्यांची. मानेवर, जबड्याखाली पुटकुळ्या येतात आणि नीट बघितलं तर पुटकुळीत वळलेला केस दिसतो. कुरळा केस कापला की त्याचं टोक धारदार होतं आणि वळून पुन्हा कातडीत शिरतं. इथे तेलाने काही होत नाही. दाढी करण्याची पद्धत बदलावी लागते. कोमट पाण्याने केस दोन-तीन मिनिटं भिजवा, मग ब्रशने शेव्हिंग क्रीमचा फेस करून तो आणखी दोन मिनिटं राहू द्या. राठ केस पाण्यानेच मऊ पडतो. क्रीमचं काम ते पाणी धरून ठेवण्याचं आणि पातं घसरवण्याचं. जड पाण्यात फेस लगेच बसतो, तेव्हा त्यासाठी वाटीभर नळाला येणारं नर्मदेचं किंवा आरओ फिल्टरचं पाणी घ्या. पातं केसांच्या दिशेनेच फिरवा. उलटी मारू नका, कातडी ताणू नका. दोन्हींनी केस कातडीच्या खाली कापला जातो. फेस पूर्ण धुवून काढा, कारण बहुतेक क्रीममध्ये साबणच असतो आणि राहिला तर आग होते. पुटकुळ्या तरीही येत असतील तर महिनाभर पातं बाजूला ठेवून ट्रिमरने एक मिलिमीटर खुंट ठेवा. आत अडकलेले केस वाढले की बहुतेक आपोआप सुटतात. चिमट्याने उपटू नका.

नवं तेल किंवा बाम आधी कानामागे लावून दोन दिवस बघा. वासासाठी घातलेल्या अर्कांनीही खाज येते. आणि गोल, कडेला उठलेला, पसरत जाणारा चट्टा दिसला तर तो गजकर्ण असू शकतो. त्यावर मेडिकलमधून स्टेरॉइडची मिश्र ट्यूब आणून लावू नका. चार दिवस बरं वाटतं, मग चट्टा दुप्पट पसरतो आणि त्वचारोग तज्ज्ञालाही तो ओळखणं अवघड जातं.