रूममधलं वेलकम लेटर लिहिताय? मग या चुका टाळा

रिसॉर्टच्या रूममधली वेलकम लेटरं बघून बघून आता कंटाळा आलाय. अर्धं पान "आपलं सहर्ष स्वागत", मग मॅनेजमेंटचं मनोगत, मग स्पाचे फोटो आणि इमर्जन्सी नंबर पार मागच्या पानावर, तेही बारीक अक्षरात.

एका रिसॉर्टवर मी कामाला असताना घडलेलं सांगतो. रात्री एका कॉटेजमधले आजोबा बाथरूममध्ये घसरून पडले, मुलाने लेटर शोधून त्यातला नंबर रूमच्या फोनवरून लावला तर नुसतं टूं टूं, कारण बाहेरच्या नंबरला आधी शून्य दाबावं लागायचं आणि ते कुठेच लिहिलं नव्हतं. मोबाईलला कॉटेजमध्ये रेंज नाही. बिचारा अंधारात रिसेप्शनपर्यंत धावत आला, तिथून फोन लागला, पण अँब्युलन्सवाला विचारतोय नक्की यायचं कुठे, आणि लेटरवर पत्ता होता तो शहरातल्या बुकिंग ऑफिसचा! शेवटी वॉचमनने रस्ता समजावला, कारण रात्री मेन गेट बंद असतं आणि गाडी मागच्या गेटने आत घ्यावी लागते. आजोबा वाचले, पण मधला वेळ उगाच गेला.

म्हणून माझी सवय अशी की इमर्जन्सीचा चौकोन पहिल्या पानावर सगळ्यात वर, अक्षर १४ पॉइंटच्या खाली नाही. त्यात रात्रीसुद्धा उचलला जाणारा एक्स्टेंशन, बाहेरची लाईन कशी घ्यायची, त्या भागातला अँब्युलन्सचा नंबर, रिसॉर्टचा खरा पत्ता, कॉटेज नंबर आणि रात्री कुठल्या गेटने यायचं, एवढं हवंच. आणि छापायच्या आधी रात्री दोन वाजता रूममध्ये बसून प्रत्येक नंबर स्वतः लावून बघायचा. दुपारी सगळे फोन उचलतात हो, त्यात काय टेस्टिंग! नवीन लोकांना हेच जड जातं, त्यांना टेम्प्लेट डाउनलोड करून नाव बदललं की काम झालं असं वाटतं.

दुसरी माझी चीड आणणारी चूक म्हणजे शांततेच्या वेळा. लेटरमध्ये "रात्री १० ते सकाळी ७ शांतता" आणि खालीच "पूलसाइड म्युझिक रात्री ११ पर्यंत". मग गेस्टने भांडायचं कोणाशी? आधी इव्हेंटवाल्यांना आणि पूलवाल्यांना विचारा, मग वेळ लिहा. "कृपया सहकार्य करावे" याने काहीही होत नाही, काय बंद होणार ते लिहा, म्हणजे व्हरांड्यातला स्पीकर, पूल, लॉनवरचा कार्यक्रम. आणि शेजारच्यांचा आवाज आला तर दार ठोठवायला जाऊ नका, अमुक एक्स्टेंशनला सांगा, हेही लिहा, नाहीतर रात्री मारामाऱ्या सोडवत बसाल.

वायफायचा पासवर्ड शून्य आणि ओ सारखे दिसणाऱ्या फॉन्टमध्ये छापू नका.

पूल, जिम, नाश्ता यांच्या वेळा सीझनप्रमाणे बदलतात, त्यामुळे त्यांचा वेगळा सुटा कागद ठेवा आणि कोपऱ्यात छापल्याची तारीख टाका. सगळंच लॅमिनेट करून टाकलं की बदललेली वेळ पेनाने खोडता येत नाही, मग त्यावर स्टिकर आणि स्टिकरवर अजून एक स्टिकर.