जॉइंट खात्याचा मॅन्डेट वाचताना

जॉइंट खातं उघडताना फॉर्मवर कोणत्या चौकटीत टिक केली होती, हे बहुतेकांना आठवत नाही. खातं कोणी आणि कसं चालवायचं याची ‘मोड ऑफ ऑपरेशन’ची नोंद, म्हणजेच मॅन्डेट, बँकेकडे लेखी मागा आणि घरी बसून वाचा.

१. ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ असेल तर कोणीही एकटा व्यवहार करू शकतो आणि एक गेला तरी दुसऱ्याचा अधिकार राहतो. ‘फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर’मध्ये पहिलं नाव हयात असेपर्यंत दुसऱ्याला पैसे काढता येत नाहीत.

२. नुसतं ‘जॉइंटली’ लिहिलं असेल तर थांबा. ‘ऑर सर्व्हायव्हर’ नसल्याने एकाच्या मृत्यूनंतर उरलेल्याची सही पुरत नाही, वारसांपर्यंत प्रकरण जातं. मला इथेच सगळ्यात जास्त धोका वाटतो.

३. मुदत ठेवीचा मॅन्डेट वेगळा पाहा. बचत खात्यावर सर्व्हायव्हर कलम असलं तरी ठेव मुदतीआधी मोडायला वेगळी संमती लागू शकते.

४. रकमेची मर्यादा असेल, समजा ५०,००० वर दोन सह्या, तर ती नेट बँकिंगलाही लावली आहे का ते विचारा.

मॅन्डेट बदलण्याच्या अर्जावर सगळ्या खातेदारांच्या सह्या लागतात, म्हणून सगळे हयात आणि सही करण्याच्या स्थितीत असतानाच तो द्या.