योगा क्लासचे रेट ठरवताना या चुका टाळा, नाहीतर लोक महिन्याच्या फीला हातच लावत नाहीत

बऱ्याच स्टुडिओत एकच रडगाणं असतं, दहा क्लासचा पॅक धडाधड विकला जातो पण मंथली कोणी घेत नाही, आणि लोक आठवड्यातून एकदा उगवतात. दरवेळी लोकांचा आळस नसतो हो, बऱ्याचदा रेटकार्डच तसं बनवलेलं असतं.

एक उदाहरण बघू. ड्रॉप-इन १०० धरा (नुसता आकडा, तुमचा रेट काहीही असो). पॅक ७०० ला, म्हणजे क्लास ७० ला पडला. मंथली ९००. आता आठवड्यातून दोनदा येणारा माणूस महिन्याला साधारण ८ क्लास करतो, पॅकवर त्याचे ५६० होतात, मग तो ९०० कशाला भरेल? मंथली परवडायला त्याला महिन्यात १३ क्लास करावे लागतील, म्हणजे आठवड्याला तीन करूनही जेमतेमच. पहिली चूक इथेच, सगळी सूट पॅकवर उधळली आणि मंथलीला काही उरलंच नाही.

आता पॅक ८५० करा आणि मंथली ६००. तोच माणूस पॅकवर ८ क्लासचे ६८० देईल, त्यापेक्षा ६०० भरून मोकळा होईल, आणि नववा क्लास फुकट म्हणून उलट एखादा जास्तच करेल. तुम्हाला त्याच्याकडून आधी ५६० मिळत होते, आता ६००. थोडक्यात, पॅकच्या हिशोबाने आठव्या क्लासला मंथली स्वस्त पडली पाहिजे, तेराव्याला नाही.

हां, रोज येणाऱ्याला यात क्लास २०-२५ च्या आसपास पडतो, बॅच आधीच फुल असेल तर तो पैसे भरणाऱ्या दुसऱ्याची जागा अडवतो. म्हणून मंथलीवाले सरासरी किती क्लास करतात ते दोन-तीन महिने हजेरीतून मोजा, सरासरी १२ आली तर क्लासला ५० पडले, त्यात टीचरचं मानधन आणि भाडं निघतंय का ते बघा, नसेल निघत तर मंथली थोडी वाढवा.

दुसरी चूक एक्सपायरीची. मुदतच नसेल तर पॅक सहा महिने पर्समध्ये पडून राहतो. याउलट एक महिना ठेवली तर आठवड्यातून एकदा येणाऱ्याचे पाच-सहा क्लास बुडतात, आणि तो भांडत नाही, गुपचूप यायचा बंद होतो, जे जास्त वाईट. तीन महिने बरे, त्याचे दहा क्लास दहा आठवड्यांत होतात, वर दोन-तीन आठवडे आजारपण-प्रवासाला.

आणि पॅक कधी संपतो ते रजिस्टरमध्ये बघत जा. पाच आठवड्यांत संपवणारा माणूस आधीच आठवड्याला दोनदा येतोय, त्याला पुढचा पॅक विकू नका, मंथली सांगा. रेट बदलले तरी आधी विकलेले पॅक जुन्या अटींवरच चालू द्या.