छापील काय, हाताने लिहिलेलं काय: शाळेच्या दाखल्याचा अनुवाद शिकताना

मराठीतून इंग्रजीत अनुवादाची कामं घ्यायला लागले तेव्हा पहिल्यांदा हातात आला तो शाळा सोडल्याचा दाखला. छापील फॉर्म, निळ्या शाईने भरलेला, मोबाइलवर काढलेला फोटो. एक पानाचा तर कागद, म्हणून मी वरून खाली वाचत गेले, इंग्रजी करत गेले आणि एका बैठकीत काम संपवलं. आठवड्याभरात तो परत आला. मूळ दाखल्यात सतरा ओळी होत्या, माझ्या अनुवादात चौदा. उरलेल्या तीन ओळींपुढे कारकुनाने काही लिहिलंच नव्हतं, म्हणून अनुवाद करण्यासारखं तिथे काही नाही असं समजून मी त्या गाळल्या होत्या. ज्याला मराठी येत नाही आणि जो दोन्ही कागद शेजारी ठेवून ओळी मोजतो, त्याच्या दृष्टीने मी तीन रकाने लपवले होते.

तेव्हापासून मी दाखला दोनदा वाचते. पहिल्या वाचनात फक्त छापील मजकूर. अक्षर कितीही सुवाच्य असलं तरी त्याकडे बघायचं नाही. रजिस्टर नंबर, विद्यार्थ्याचे संपूर्ण नाव, आईचे नाव, राष्ट्रीयत्व, धर्म, जात व पोटजात, जन्मस्थळ, जन्मदिनांक अंकी, जन्मदिनांक अक्षरी, यापूर्वीची शाळा, प्रवेशाचा दिनांक, अभ्यासातील प्रगती, वर्तणूक, शाळा सोडल्याचा दिनांक, इयत्ता, शाळा सोडण्याचे कारण, शेरा. हे सगळं आधी मराठीतच टाइप करायचं, समोरची जागा मोकळी ठेवायची. म्हणजे माझ्याकडे त्या फॉर्मची कोरी प्रत तयार होते. दुसऱ्या वाचनात फक्त हाताने लिहिलेला मजकूर, तोही आधी मराठीतच, जसाच्या तसा. इंग्रजी त्यानंतर. वेळ जास्त जातो हे खरं, पण वाचण्याची चूक आणि अनुवादाची चूक यांची सरमिसळ होत नाही. सरमिसळ झाली की नंतर सापडत नाही.

हे वेगळं करायला फोटो रंगीत लागतो. छपाई काळी आणि शाई निळी असेल तर डोळा आपोआप दोन थर करतो. पण मोबाइलमधली स्कॅनची अ‍ॅप्स कागद स्वच्छ दिसावा म्हणून फोटो काळा-पांढरा करतात आणि नेमका हाच फरक पुसून टाकतात. म्हणून मी अशिलाला सांगते: फिल्टर लावू नका, घडी उलगडून, उजेडात, वरून सरळ फोटो काढा आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फोटो म्हणून पाठवला की तो दाबून लहान केला जातो आणि बारीक मात्रा, अनुस्वार तिथेच हरवतात. एकदा मी कागदाच्या घडीची आडवी रेघ कारकुनाने मारलेली रेघ समजले होते. रिकामा रकाना आणि रेघ मारलेला रकाना यांत फरक आहे. पहिल्यात कोणी काही नोंदवलेलं नाही, दुसऱ्यात ‘नोंदवण्यासारखं नाही’ असं कोणीतरी ठरवलं आहे. अनुवादात रिकाम्या जागी मी चौकोनी कंसात ‘रिकामे’ या अर्थाचा इंग्रजी शब्द टाकते आणि रेघेच्या जागी रेघ.

आता जरा अवघड भाग. छापील म्हणजे प्रश्न आणि हाताने लिहिलेलं म्हणजे उत्तर, इतकं सरळ ते नेहमी नसतं. काही फॉर्मवर राष्ट्रीयत्वापुढे ‘भारतीय’ हे उत्तर छापलेलंच असतं. ते त्या रकान्यातच राहील, पण ते हाताने लिहिलेलं आहे असं दाखवायचं नाही. उलट जन्मस्थळापुढे कारकून स्वतःच्या हाताने ‘मु. पो.’, मग गावाचं नाव, मग ‘ता. पाटण, जि. सातारा’ असं लिहितो. यातले मु. पो., ता. आणि जि. दिसायला लेबलांसारखे आहेत, पण ते कारकुनाने लिहिलेत, म्हणून ते उत्तराचाच भाग. दुसऱ्या एखाद्या फॉर्मवर हेच ‘ता.’ आणि ‘जि.’ छापलेले असतील आणि मधली जागा मोकळी असेल, तेव्हा ती लेबलं. शब्द तोच, इंग्रजीही तेच, जागा मात्र वेगळी.

तारखेत तर निम्मं छापील आणि निम्मं हाताचं असं एकाच ओळीत येतं. जुन्या फॉर्मवर सालाच्या जागी ‘१९’ छापून पुढे दोन आकड्यांची जागा सोडलेली असायची. शाळेत जुने फॉर्म शिल्लक असले की ते २००० नंतरही वापरले जायचे. माझ्याकडे आलेल्या एका दाखल्यात छापील १९ वर बारीक काट मारून वर ‘२००२’ लिहिलं होतं. फोटोत काट जवळजवळ दिसतच नव्हती. अनुवादात साल २००२ येतं, आणि खाली एका ओळीत टीप येते की छापील अंक खोडून हाताने साल लिहिलेलं आहे. टीप नसेल तर मूळ कागद बघणाऱ्याला वाटेल की खाडाखोड अनुवादकाने झाकली.

लेबल आणि उत्तर यांचं जमत नसेल तर ते जमवायचं नाही, हे मला सगळ्यात उशिरा कळलं. ‘जात व पोटजात’ या छापील ओळीपुढे कारकुनाने ‘हिंदू मराठा’ लिहिलं आणि वरचा ‘धर्म’ रकाना तसाच सोडला, असं घडतं. मोह होतो की हिंदू वर न्यावं, मराठा खाली ठेवावं. तसं केलं तर इंग्रजी कागद मूळ कागदापेक्षा नीटनेटका दिसेल, पण तो त्याचा अनुवाद राहणार नाही. दोन्ही जसंच्या तसं ठेवायचं. तसंच ‘अभ्यासातील प्रगती: बरी’. ‘बरी’ म्हणजे चांगली नव्हे. मी तिथे ‘फेअर’ लिहिते, आणि पुढच्या ‘वर्तणूक: चांगली’ ला ‘गुड’. शिक्षकाने दोन ओळींत दोन वेगळे शब्द वापरले आहेत, तो फरक वाचणाऱ्यापर्यंत पोचला पाहिजे.

एका दाखल्याचं सविस्तर सांगते, कारण त्यात दोन गोष्टी एकदम आल्या. जन्मदिनांक अंकी या ओळीत मला ‘११/६/१९८१’ दिसत होतं. हाताने लिहिलेला मराठी १ आणि ९ यांत शेपटीच्या वळणाचाच काय तो फरक, आणि फोटोत वळण नेमकं पुसट होतं. शिवाय कारकून एका ओळीत मराठी आकडे आणि दुसऱ्या ओळीत इंग्रजी आकडे लिहितात. घाईत लिहिलेला मराठी ४ इंग्रजी आठसारखा दिसतो आणि मराठी १ इंग्रजी नऊसारखा. म्हणून आधी त्या माणसाने त्या ओळीत कोणते आकडे वापरलेत ते ठरवायचं, मग अंक वाचायचा. इथे सगळे मराठीच होते. खालची अक्षरी ओळ पाहिली: ‘एकोणीस जून एकोणीसशे एक्क्याऐंशी’. म्हणजे पहिला आकडा ११ नसून १९. दाखल्यात तारीख अंकी आणि अक्षरी अशी दोनदा येते ती इथे उपयोगी पडते. मात्र अक्षरी ओळही जपून वाचावी लागते. एकोणऐंशी आणि एकोणनव्वद यांत दहा वर्षांचं अंतर आहे आणि गिचमिड अक्षरात दोन्ही सारखीच दिसू शकतात. अंकी आणि अक्षरी तारीख खरोखरच वेगळी निघाली, तर दोन्ही तशीच ठेवून टीप द्यायची. कोणती बरोबर ते शाळेने सांगायचं.

दुसरी गोष्ट आडनावाची. मला ‘गावडे’ दिसत होतं, पण ‘व’ च्या डोक्यावर एक ठिपका होता. गावडे आणि गावंडे ही दोन्ही खरी आडनावं आहेत, त्यामुळे ‘असं आडनाव असतं का’ हा प्रश्न इथे काही कामाचा नव्हता. अडचण अशी की या फॉर्मवर लिहिण्याच्या जागी छापील टिंबांच्या रेघा होत्या, आणि वरच्या ओळीची टिंबं बरोबर खालच्या ओळीच्या शिरोरेषेवर येत होती. म्हणजे तो ठिपका अनुस्वार होता की छापखान्याचं टिंब?

मी फोटो मोठा करून त्या रेघेतली टिंबं मोजत गेले. छापील टिंबं एकसारख्या अंतरावर असतात आणि गोल असतात. हा ठिपका दोन टिंबांच्या मधे पडला होता, जरा लांबट होता आणि त्याच्या कडेला निळी झाक होती. मग त्याच कारकुनाचे बाकीचे अनुस्वार पाहिले. ‘हिंदू’ मधला अनुस्वार असाच लांबट, शिरोरेषेपासून जरा उजवीकडे सरकलेला होता. ‘व’ वरचा ठिपकाही तसाच होता. मी मराठी प्रतीत ‘गावंडे’ लिहिलं आणि तरीही अशिलाला विचारलं. त्यांनी गावंडेच असल्याचं सांगितलं आणि पासपोर्टचं पान पाठवलं.

पासपोर्ट मी तसाही मागतेच. नावाचं इंग्रजी स्पेलिंग अनुवादकाने ठरवू नये. ‘व’ साठी व्ही की डब्ल्यू हे त्या माणसाच्या इतर कागदांवर जसं आहे तसंच इथे हवं. त्यांच्याकडे डब्ल्यू होता, मी डब्ल्यू ठेवला. पण मर्यादाही लक्षात ठेवावी लागते: पासपोर्टवर गावडे आणि दाखल्यात गावंडे असं निघालं असतं, तर मला अनुस्वार गाळता आला नसता. तो फरक कागदातला आहे आणि दुरुस्ती शाळेकडूनच व्हायला हवी.

बोनाफाइड दाखल्यात ओळी नसतात, अख्खं वाक्य छापलेलं असतं आणि मधे जागा सोडलेल्या असतात: ‘कु./चि. … ही/हा या शाळेत इयत्ता … मध्ये शिकत होती/होता.’ मुलीच्या दाखल्यात कारकून ‘चि.’, ‘हा’ आणि ‘होता’ वर काट मारतो. ती काट हेच हाताने दिलेलं उत्तर. इंग्रजीत वाक्याचा क्रम बदलतो, इयत्ता शेवटी जाते, त्यामुळे उत्तरं मूळ जागेवर राहत नाहीत. म्हणून हाताने भरलेला प्रत्येक शब्द मी तिरक्या अक्षरात ठेवते आणि अनुवादाच्या माथ्यावर एकदाच सांगून टाकते की तिरकी अक्षरं म्हणजे हस्तलिखित. वाक्य कसंही फिरलं तरी कोणता शब्द कोणाचा ते दिसत राहतं. हीच पद्धत मी ओळींच्या दाखल्यालाही लावते.

रकान्यांबाहेरचं विसरू नये. माथ्यावर लाल शाईत ‘दुय्यम प्रत’, कोपऱ्यात जावक क्रमांक, खाली वर्गशिक्षक, लेखनिक, मुख्याध्यापक असे छापील शब्द आणि त्यांवर सह्या, सहीवर पडलेला गोल शिक्का. शिक्का छापीलही नाही आणि हस्तलिखितही नाही. त्यातली वाचता येतील तेवढी अक्षरं चौकोनी कंसात ‘शिक्का’ म्हणून देते, न वाचता येणारी तशी नोंदवते. शाळेचं नाव माथ्यावर दिसतंय म्हणून शिक्क्यातली पुसट अक्षरं त्यावरून भरून काढत नाही.

पाठवण्यापूर्वी मूळ फोटो डावीकडे आणि अनुवाद उजवीकडे ठेवते, अनुवादातली तिरकी अक्षरं कागदाने झाकते आणि फक्त लेबलं मोजते. सतराला सतरा. मग लेबलं झाकून फोटोतला निळा शब्द आणि अनुवादातला तिरका शब्द, एकेक जोडी बोटाने लावत खाली येते. गावंड्यांच्या दाखल्यात या फेरीत एक निळा शब्द उरला. ‘शाळा सोडण्याचे कारण’ या ओळीत मावलं नाही म्हणून कारकुनाने ‘पालकांच्या विनंतीवरून’ मधलं ‘विनंतीवरून’ खालच्या ‘शेरा’ रकान्यात उतरवलं होतं. मी तो शेरा समजून अर्थ लागत नाही म्हणून बाजूला ठेवला होता. तो वरच्या ओळीला जोडला, शेऱ्यापुढे ‘रिकामे’ लिहिलं आणि फाइल पाठवली.