दूध बाधतं, पण ताक चालतं?

सकाळी पेलाभर दूध प्यायल्यावर तास-दोन तासांत पोट गुडगुडतं, वारा धरतो, जुलाब होतात, पण जेवताना ताकभात खाल्ला तर काहीच होत नाही. असं असेल तर बहुधा दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, पचत नाही. २०० मिली दुधात ती सुमारे १० ग्रॅम असते. विरजणातले जिवाणू त्यातली काही खाऊन आंबट करतात, आणि उरलेली पचवणारं विकरही सोबत पोटात नेतात. शिवाय वाटीभर दह्यात (१०० ग्रॅम) तिप्पट पाणी घालून घुसळलं, की पेलाभर ताकात जेमतेम २ ग्रॅम साखर उरते. कढी उकळली की मात्र जिवाणू मरतात आणि विकराची मदत संपते.

दूध घेतल्यावर अंगावर गांधी, ओठ सुजणं, उलटी किंवा धाप लागली, तर ती बहुधा दुधातल्या प्रथिनांची ॲलर्जी. विरजणाने प्रथिनं जात नाहीत, त्यामुळे तिथे ताकाचा ‘प्रयोग’ नको. धाप लागली तर थेट दवाखाना. नारळाच्या रसाची सोलकढी अशांना चालते, पण खानावळीत ती ताक घालून वाढवलेली नाही ना, हे आधी विचारावं.