चौकशी आयोगाचा अहवाल हाती आला. संपादकाला दीड पानात काय द्याल?

दुर्घटनेच्या चौकशीचा अहवाल दुपारी सभागृहाच्या पटलावर येतो, तासाभरात डेस्कवर पोचतो आणि संध्याकाळपर्यंत वृत्तसंपादकाला पहिल्या पानाचं ठरवायचं असतं. अख्खा अहवाल वाचायला त्याला वेळ नसतो. त्याला तीन-चारशे शब्दांचं टिपण हवं असतं: आयोगाला काय आढळलं, ते कशामुळे घडलं, जबाबदारी कुणाची आणि आता काय करा म्हणतात. पहिला आणि चौथा भाग बहुतेकांना जमतो. गफलत होते ती कारण आणि जबाबदारी यांच्या सीमेवर.

हे काम एका खऱ्या अहवालावर करून दाखवतो. २१ ऑक्टोबर १९६६ रोजी सकाळी वेल्समधल्या ॲबरफॅन या खाणगावावर डोंगरउतारावरचा खाणीच्या मलब्याचा ढीग घसरला. १४४ माणसं गेली, त्यांतली ११६ मुलं. बहुतेक मुलं पँटग्लास प्राथमिक शाळेत नुकतीच वर्गात बसली होती. न्यायमूर्ती एडमंड डेव्हिस यांच्या न्यायाधिकरणाने ७६ दिवस सुनावणी घेतली, १३६ साक्षीदार तपासले आणि ऑगस्ट १९६७ मध्ये अहवाल प्रसिद्ध झाला. नाव न्यायाधिकरण असलं तरी काम आपल्या चौकशी आयोगाचंच. हा अहवाल निवडण्याचं कारण असं की त्याची भाषा स्वच्छ आहे आणि चुकायच्या सगळ्या जागा त्यात आहेत.

आधी कार्यकक्षा, मग शेवट, मग मधलं

पहिल्यांदा आयोगाची कार्यकक्षा वाचा. सरकारने त्याला काय शोधायला सांगितलं होतं? ॲबरफॅनच्या वेळी दुर्घटनेची कारणं आणि तिच्याशी संबंधित परिस्थिती असं मोकळं काम होतं. आपल्याकडे कधी कधी कार्यकक्षा इतकी चिंचोळी असते की मोठ्या अधिकाऱ्याबद्दल आयोग गप्प का, याचं उत्तर तिथेच मिळतं. अशा वेळी ‘आयोगाची क्लीन चिट’ असं लिहिणं म्हणजे शुद्ध थाप. जे विचारलंच नव्हतं त्यावर आयोगाने मत दिलेलं नसतं.

मग थेट शेवटी जा. निष्कर्षांचा आणि शिफारशींचा सारांश बहुधा तिथे असतो. तो वाचून पुन्हा मागे या आणि प्रत्येक निष्कर्षाचा आधार मधल्या प्रकरणांत शोधा. आधार ज्या परिच्छेदात सापडेल त्याचा क्रमांक वहीत लिहा. संपादक रात्री नऊला फोन करून ‘हे कुठे म्हटलंय?’ विचारतो, तेव्हा हा क्रमांकच तुम्हाला वाचवतो.

हे वाक्य कुणाचं?

अहवालात तीन-चार आवाज असतात: साक्षीदारांचा, पक्षकारांच्या वकिलांचा, तज्ज्ञांचा आणि आयोगाचा. घाईत वाचणाऱ्याला सगळे एकच वाटतात. वहीत प्रत्येक नोंदीपुढे ‘सा’, ‘व’, ‘त’ किंवा ‘आ’ असं अक्षर टाका. टिपणातल्या निष्कर्षांत फक्त ‘आ’ जाईल.

ॲबरफॅनमध्ये याचं महत्त्व फार मोठं आहे. खाण चालवणाऱ्या नॅशनल कोल बोर्डाचे अध्यक्ष लॉर्ड रॉबेन्स यांनी सुरुवातीला सांगितलं होतं की ढिगाखाली कुणाला ठाऊक नसलेला झरा होता. अहवालात हे म्हणणं येतं, पण खोडून काढण्यासाठी. घसरलेला ढीग, म्हणजे ढीग क्रमांक ७, ज्या झऱ्यांवर रचला गेला ते नकाशांवर दाखवलेले होते आणि गावकऱ्यांनाही माहीत होते. पुढे रॉबेन्स स्वतः साक्षीला आले, तेव्हा त्यांची साक्ष इतकी विसंगत ठरली की ती विचारात घेऊ नका, असं बोर्डाच्याच वकिलांना म्हणावं लागलं. आता कल्पना करा की कुणी ‘ढिगाखाली अज्ञात झरा होता, असं अहवालात नमूद’ एवढंच टिपणात लिहिलं. वाक्य अहवालात आहे, आणि तरी बातमी धडधडीत खोटी आहे.

कारणांचे थर सोडवा

‘कारण काय?’ या प्रश्नाला चांगला अहवाल एक उत्तर देत नाही. मी थरांत लिहितो.

सर्वांत खालचा थर भौतिक. १९५८ पासून मलबा झऱ्यांवर टाकला गेला, त्यात कोळसा धुतल्यावर उरणारा बारीक गाळही होता. आत पाणी साचत गेलं आणि एका क्षणी तो ढीग दगडमातीसारखा न वागता पातळ चिखलासारखा वाहिला.

त्यावरचा थर माणसांच्या हातचा: खुणा दिसूनही कुणी हललं नाही. गावावरचा एक जुना ढीग १९४४ मध्ये घसरला होता. हाच क्रमांक ७ चा ढीग १९६३ मध्ये घसरला होता. त्याच वर्षी स्थानिक नगरपालिकेच्या अभियंत्यांकडून शाळेमागे टाकल्या जाणाऱ्या गाळाच्या धोक्याबद्दल पत्रंही गेली होती.

सर्वांत वरचा थर धोरणाचा आणि न्यायाधिकरणाने मूळ कारण म्हटलं ते यालाच: मलबा कुठे, कसा टाकावा याचं कोणतंही धोरण बोर्डाकडे नव्हतं. यात बोर्ड आपल्या आधीच्या खाणमालकांच्याच वाटेने चाललं होतं, कायद्याने आणि खाण-निरीक्षकांनीही त्याला काही दिशा दिली नव्हती, हेही अहवाल लगेच सांगतो. ही पुस्ती टिपणातून गाळू नका. ती गाळली की निष्कर्ष आयोगाने दिला त्यापेक्षा कडक होतो. उलट तीच आधी ठेवली की मवाळ होतो.

आणि पाऊस? त्या महिन्यात तो भरपूर झाला होता. पण निमित्त आणि कारण यांत फरक आहे. आपल्याकडे दरड कोसळली, भिंत पडली की पहिला मथळा ‘अतिवृष्टीमुळे’ असा येतो. अहवाल आल्यावरही तोच मथळा राहिला, तर अहवाल कुणी वाचलाच नाही असं समजावं.

‘दोषी’ हा शब्द बाजूला ठेवा

मराठी बातम्यांत आयोग सर्रास ‘दोषी ठरवतो’. पण दोषी न्यायालय ठरवतं. चौकशी आयोग कायदा, १९५२ खालचा आयोग तथ्यं शोधतो आणि शिफारस करतो, शिक्षा देत नाही. आयोगापुढचं निवेदन, खोट्या साक्षीचा खटला सोडला, तर त्या माणसाविरुद्ध दिवाणी किंवा फौजदारी खटल्यात वापरता येत नाही. म्हणून क्रियापद जपून निवडा. जबाबदारी नक्की केली असेल तर ‘ठपका ठेवला’. कामकाजावर टीका केली पण जबाबदारी टाकली नाही, तर ‘ताशेरे ओढले’. ‘अधिक दक्षता घेता आली असती’ एवढंच म्हटलं असेल, तर तेच शब्द घ्या, त्याला ठपक्याची फोडणी देऊ नका.

मग ठपका कोणत्या पायरीवर आहे ते पाहा: संस्थेवर, तिच्या विभागावर की व्यक्तीवर? ॲबरफॅनच्या अहवालात ठपका कोल बोर्डावर आहे, आणि तो मुख्यालय, नैर्ऋत्य विभागीय मंडळ आणि काही व्यक्ती यांच्यात कमीअधिक प्रमाणात विभागलेला आहे. ‘कमीअधिक प्रमाणात’ हे शब्द शोभेचे नाहीत. नऊ कर्मचाऱ्यांची नावं आली, म्हणून नऊ जणांवर सारखाच ठपका आहे असं होत नाही. शिवाय न्यायाधिकरणाने स्वच्छ म्हटलं आहे की ही दुष्ट नव्हे, तर भली माणसं होती. मूर्खपणा, अज्ञान किंवा दोन्हींमुळे ती भरकटली. ‘खुनी अधिकारी’ छापाचा मथळा या अहवालावर उभाच राहू शकत नाही. पण याच वाक्याच्या आधाराने बोर्डाला मोकळंही सोडता येत नाही, कारण दुर्घटना टाळता आली असती आणि टाळायला हवी होती, हे मत एकमताचं आहे.

भारतीय अहवालात व्यक्तीचं नाव छापण्याआधी आणखी एक गोष्ट तपासा. चौकशी आयोग कायद्याच्या कलम ८-ब नुसार, ज्याच्या लौकिकाला बाधा येऊ शकते त्याला म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते. ती दिली होती का, आणि त्याने काय सांगितलं? टिपणात यासाठी एक ओळ हवीच. ती संधी नाकारल्याच्या मुद्द्यावर अहवालातला तेवढा भाग न्यायालयात टिकत नाही, आणि मग तुमची बातमीही लटकते.

शिफारशी, आणि सोबतचा दुसरा कागद

शिफारशी क्रमाने उतरवू नका. कुणी करायचं, याप्रमाणे गट पाडा: सरकार, कायदेमंडळ, संस्था. ॲबरफॅनच्या शिफारशी अशा गटांत सहज बसतात: मंत्र्यांना सल्ला देणारी राष्ट्रीय समिती, ढिगांसाठी कायदा, ढिगांना अभियांत्रिकी बांधकाम मानून त्यांची देखरेख, आणि गावावर उरलेले ढीग सुरक्षित करणं.

आपल्याकडे अहवालासोबत सरकारचं कार्यवाही निवेदन येतं. कायद्याने दोन्ही सहा महिन्यांत सभागृहापुढे ठेवायचे असतात. आयोगाचं म्हणणं आणि सरकारने स्वीकारलेलं म्हणणं कधीही एका वाक्यात मिसळू नका. श्रीकृष्ण आयोगाचा अहवाल १९९८ मध्ये मांडला गेला तेव्हा सरकारने निवेदनात त्याचे निष्कर्ष नाकारले होते. तो दंगलीचा अहवाल, दुर्घटनेचा नव्हे, पण दोन कागद किती उलट बोलू शकतात हे त्यावरून कळतं.

टिपण असं दिसतं

*काय आढळलं:* ढीग क्र. ७ झऱ्यांवर रचला होता. झरे नकाशांवर होते. तोच ढीग १९६३ मध्ये घसरला होता. दुर्घटना टाळता आली असती, असं न्यायाधिकरणाचं एकमत.

*कारणं:* पाण्याने भरलेला मलबा आणि गाळ वाहून आला. मूळ कारण, मलबा टाकण्याच्या धोरणाचा संपूर्ण अभाव. बोर्ड याबाबत पूर्वीच्या मालकांच्याच वाटेने गेलं; कायदा आणि निरीक्षकांचंही मार्गदर्शन नव्हतं.

*जबाबदारी:* ठपका कोल बोर्डावर; मुख्यालय, विभाग आणि काही व्यक्तींवर कमीअधिक. हेतू दुष्ट नव्हता, असं नमूद. नुकसानभरपाईची कायदेशीर जबाबदारी बोर्डाची, आणि ती निर्विवाद.

*शिफारशी:* राष्ट्रीय समिती, नवा कायदा, ढिगांची अभियांत्रिकी देखरेख, गावावरचे ढीग सुरक्षित करणं.

प्रत्येक ओळीपुढे परिच्छेद क्रमांक टाका. इथे जागेसाठी गाळले आहेत. अहवालाबाहेरचं सगळं खाली वेगळ्या चौकटीत द्या. कुणावरही खटला झाला नाही. ढिगांबद्दलचा कायदा १९६९ मध्ये आला. आणि उरलेले ढीग हटवायच्या खर्चापोटी पीडितांसाठी जमलेल्या निधीतूनच दीड लाख पौंड घेतले गेले, जे १९९७ मध्ये व्याजाशिवाय परत मिळाले. वाचकाला सर्वांत जास्त चीड या शेवटच्या गोष्टीची येईल. म्हणूनच ती चौकटीत हवी: ती १९६७ च्या अहवालात नाही.